रेझ्युमेतले चार महिने

गेल्या रविवारी संध्याकाळी झाडांना पाणी घालून झालं आणि मी ओटीवर जरा टेकले, तोच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. आमच्या बोळिंजच्या जुन्या घरांना अजून ओट्या शिल्लक आहेत हे माझं भाग्य. समोर म्हाडाच्या इमारती उभ्या राहिल्या तरी दारावरची घंटा न वाजवता कुणी येऊन बसू शकतं ते ह्या ओटीमुळेच. मुलगा मात्र बसेना. वडिलांना सांगू नका म्हणाला, तेव्हाच मला कळलं की प्रकरण काहीतरी आहे.

प्रकरण असं. मुलगा हिशेबाच्या कामात आहे. रोज विरारहून लोकल पकडून अंधेरीला जातो. गोरेगावच्या एका मोठ्या कंपनीकडून त्याला नोकरीचं पत्र आलं. त्याने इथला राजीनामाही दिला आणि आता साठ दिवसांच्या नोटीस पिरियडमधले वीस दिवस संपलेत. चार दिवसांनी त्याला एक लिंक येणार. त्या लिंकवरचा फॉर्म भरायचा आणि मग एक तिसरीच कंपनी त्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट तपासणार. ह्याला बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन म्हणतात. आमच्या वेळी "चारित्र्याचा दाखला" असायचा, तो मुख्याध्यापकांनी दिला की काम भागायचं. असो.

तर ह्या मुलाच्या रेझ्युमेत दोन गोष्टी खऱ्या नव्हत्या.

पहिली म्हणजे तारखा. पहिल्या नोकरीत तो २ ऑगस्ट २०२१ ला लागला आणि २७ जानेवारी २०२३ ला सुटला. दुसरी नोकरी ५ जून २०२३ ला सुरू झाली. मधले चार महिने तो घरी होता. वडिलांची बायपास झाली होती आणि घरात दुसरं कुणी करणारं नव्हतं. पण रेझ्युमेत त्याने पहिली नोकरी "मे २०२३ पर्यंत" अशी लिहिली होती. मधे खड्डा नको दिसायला म्हणून.

दुसरी म्हणजे हुद्दा. आताच्या कंपनीत त्याचं पद असोसिएट. रेझ्युमेत लिहिलं होतं टीम लीड. दोन नव्या मुलांचं काम तो तपासून देतो, त्यावरून त्याने स्वतःच स्वतःला बढती दिली होती.

"आजी, सगळेच लिहितात हो असं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण आता पकडलं तर?"

ह्या प्रश्नातला "पण आता" मला फार ओळखीचा वाटला. वर्गात गृहपाठाच्या वह्या तपासायला मी खुर्चीतून उठले की शेवटच्या बाकावर हीच कुजबुज चालायची.

नुसता उपदेश करून हात झटकायचे नव्हते. माझी एक भाची अशाच पडताळणीच्या कामात गेली अकरा वर्षं आहे. तिला रात्री फोन लावला आणि तासभर बोलले. पुढचं बरंचसं तिच्याकडून कळलेलं आहे. मत मात्र माझं.

मी तिला पहिल्यांदा विचारलं, चार महिन्यांसाठी एवढं कोण बघतं? ती हसली. "मावशी, बघावं लागतच नाही. ते आपोआप दिसतं."

ते कसं, तर असं. ज्याचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो त्याला यूएएन नावाचा एक क्रमांक असतो. हा प्रकार २०१४ साली सुरू झाला. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच राहतो. पीएफच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात शिरलं की Service History नावाचं एक पान उघडतं. त्यावर आतापर्यंतच्या प्रत्येक कंपनीचं नाव, लागल्याची तारीख आणि सुटल्याची तारीख ओळीने दिसते. पडताळणीवाले बहुतेक वेळा ह्याच पानाची प्रत उमेदवाराकडून मागून घेतात. शिवाय पासबुकात महिन्यागणिक जमा झालेले पैसे दिसतात. ह्या मुलाच्या पासबुकात जानेवारी २०२३ नंतर थेट जून २०२३. मधले चार महिने कोरे. कुणी चुगली करायला नको की कुणाला फोन करायला नको.

ह्या पानालाही मर्यादा आहेत, त्या तिने आवर्जून सांगितल्या. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या बऱ्याच ठिकाणी पीएफ नसतोच, तेव्हा पान रिकामं म्हणजे माणूस खोटा असं होत नाही. सुटल्याची तारीख मालकाने भरायची असते आणि पुष्कळदा तो चुकीची भरतो किंवा भरतच नाही. त्यामुळे त्या पानावरची तारीख आणि कंपनीने दिलेलं रिलिव्हिंग लेटर ह्यांत फरक असू शकतो. म्हणून पहिलं काम हे की आपल्याबद्दलची सगळी कागदपत्रं आधी आपण पाहावीत. नेमणुकीचं पत्र, रिलिव्हिंग लेटर, शेवटच्या तीन पगारपावत्या, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी आणि पीएफचं पान. सगळं समोर मांडून एका कोऱ्या कागदावर तारखा लिहून काढाव्यात. मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी हेच करायला लावलं. आणि गंमत बघा.

ज्या जागेसाठी त्याने अर्ज केला होता तिच्या जाहिरातीत "तीन ते पाच वर्षं अनुभव" असं होतं. पहिल्या नोकरीचे अठरा महिने आणि दुसरीचे साधारण तीस. झाली चार वर्षं. म्हणजे ते चोरलेले चार महिने धरले काय, सोडले काय, तो त्या जागेसाठी पात्र होताच! खोटं त्याने अनुभव वाढवायला लिहिलंच नव्हतं. घरी बसलो होतो हे लिहायची लाज वाटली म्हणून लिहिलं. आजारी बापाची सेवा केली ह्याची लाज. ही लाज त्याला कुणी शिकवली हा प्रश्न मला अजून छळतोय, पण त्याकडे नंतर येते.

भाचीने पुढे जे सांगितलं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. रेझ्युमे आणि तो फॉर्म हे दोन वेगळे कागद आहेत. रेझ्युमे म्हणजे आपण आपली करून दिलेली ओळख. फॉर्मच्या शेवटी मात्र एक घोषणा असते: वरील माहिती खरी आहे, ती खोटी आढळल्यास नेमणूक रद्द होऊ शकते हे मला मान्य आहे. त्याखाली सही, किंवा आजकाल चौकोनात टिचकी. रेझ्युमेतलं खोटं तोवर फुशारकी असते. त्या चौकोनात टिचकी मारली की ते निवेदन होतं. म्हणून दुरुस्तीची खरी मुदत पडताळणीचा अहवाल येईपर्यंत नसते, फॉर्मवर सही होईपर्यंत असते.

ह्यावर मला एक जुना निकाल आठवला, आमच्या शिक्षकांच्या जगातलाच. केंद्रीय विद्यालय संघटनेत लागलेल्या एका शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने पडताळणीच्या फॉर्ममध्ये आपल्यावर फौजदारी खटला नाही असं लिहिलं होतं. होता. त्याला काढलं. तो कोर्टात गेला आणि म्हणाला, मी हिंदी माध्यमात शिकलो, फॉर्ममधलं इंग्रजी मला कळलं नाही. शिवाय तो खटला नंतर मागेही घेतला गेला होता. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचं म्हणणं फेटाळलं. बी.ए., बी.एड., एम.एड. झालेल्या माणसाला एवढं कळलं नाही हे न्यायालयाला पटलं नाही. खटल्याचं पुढे काय झालं ह्यापेक्षा विचारलेलं लपवलं ह्याला त्यांनी महत्त्व दिलं. पुढे २०१६ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने थोडी मोकळीक दिली. गोष्ट क्षुल्लक असेल तर नेमणूक करणाऱ्याने परिस्थिती पाहून ती सोडून द्यावी, असं म्हटलं. पण माहिती खरीच दिली पाहिजे, हे कायम ठेवलं. हे निकाल सरकारी नोकरीतले आणि खटला लपवल्याचे आहेत, तारखा ताणल्याचे नव्हेत, हे मान्य. तरी एक गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे. चूक केवढी होती हा प्रश्न नंतर येतो, विचारल्यावर काय सांगितलं हा आधी.

मीही मराठी माध्यमातली बी.ए. इंग्रजी फॉर्मचा धसका मला चांगला ठाऊक आहे. पण धसका ही सबब होत नाही हे त्या गृहस्थांनी माझ्या वतीनेही शिकून ठेवलं.

आता दुसरी बाजू. सोमवारी हा मुलगा पुन्हा आला तो एक नवा उपाय घेऊन. त्याच्या पहिल्या कंपनीचे मालक ओळखीचे आहेत. ते म्हणाले, "अरे, काय घाबरतोस, मी तुला मेपर्यंतचं पत्र देतो." झालं! मुलाच्या चेहऱ्यावर उजेड.

मी म्हटलं, बाळा, आतापर्यंत तू बढाई मारलीस. ह्यापुढे ते खोटं कागदपत्र होईल. आणि ते एकट्याचं राहणार नाही, त्या भल्या माणसालाही तू त्यात ओढशील. खोटा दस्तऐवज करणं आणि तो खरा म्हणून वापरणं हे दोन्ही कायद्याने गुन्हे आहेत, पूर्वी भारतीय दंड संहितेत होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहेत. शिवाय पीएफचं पासबुक काही त्या मालकांच्या खिशात नाही. पत्र मे म्हणणार, पासबुक जानेवारी म्हणणार, आणि मग तपासणारा जास्तच बारकाईने बघणार. नोव्हेंबर २०२२ मध्ये अॅक्सेंचर कंपनीने भारतातल्या काही लोकांना काढून टाकल्याचं जाहीर केलं होतं, ते बनावट कंपन्यांची अनुभवपत्रं लावल्याबद्दलच. ह्या मुलाची कंपनी खरी आहे, पत्रातली तारीख तेवढी खोटी असती. पण पत्र हातात पडल्यावर तो त्याच रांगेत उभा राहिला असता.

शेजारच्या एका गृहस्थांनी (ते बँकेतून निवृत्त झालेत) वेगळाच सल्ला दिला. ते म्हणाले, "फॉर्म खरा भरायचा आणि गप्प बसायचं. रेझ्युमे कोण उघडून बघतंय?" हा सल्ला वाईट नाही. निदान सही तरी खरी राहते. पण भाचीने त्यातली मेख सांगितली. बऱ्याच कंपन्या पडताळणीवाल्यांना रेझ्युमेही देतात, आणि फॉर्म नि रेझ्युमे जुळत नसले तर तेही अहवालात लिहून येतं. अहवालात प्रत्येक बाबीपुढे रंग असतो. हिरवा म्हणजे जुळलं, पिवळसर म्हणजे किरकोळ फरक किंवा खात्री झाली नाही, लाल म्हणजे मोठी विसंगती. किती दिवसांचा फरक किरकोळ धरायचा हे ज्या त्या कंपनीने ठरवलेलं असतं. कुठे महिनाभर चालतो, कुठे आठवडाही नाही. चार महिने किरकोळ कुठेच नाहीत. नोकरी द्यायची की नाही हे पडताळणीवाले ठरवत नाहीत, ते फक्त रंग लावतात. ठरवतो तो कंपनीतला एच.आर.चा माणूस. त्याच्या टेबलावर ही गोष्ट पहिल्यांदा लाल रंगात यावी, की त्याआधी उमेदवाराच्या स्वतःच्या पत्रातून यावी, एवढीच काय ती निवड आपल्या हातात उरते.

इथे मला आमचं जनरल रजिस्टर आठवतं. नव्या शिक्षकांना मी पहिल्या आठवड्यात एक गोष्ट सांगायची. नोंद चुकली तर खरवडायचं नाही, गिरवायचं नाही, वर कागद चिकटवायचा नाही. एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचं चुकीचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर लिहायचं, बाजूला सही आणि तारीख. ज्या पानावर अशी रेघ असते त्या पानावर तपासणीस कधी अडत नाही. अडतो तो खरवडलेल्या जागी, मग तिथली नोंद बरोबर का असेना!

त्या मुलाने तसंच करायचं ठरवलं. मेल इंग्रजीत लिहिला, पण आधी आम्ही मजकूर मराठीत पक्का केला. तो साधारण असा होता:

"मी दिलेल्या रेझ्युमेत दोन गोष्टी चुकीच्या आहेत. पहिल्या कंपनीतला माझा शेवटचा दिवस २७ जानेवारी २०२३ हा होता, मी मे २०२३ असं लिहिलं होतं. फेब्रुवारी ते मे २०२३ मी घरच्या वैद्यकीय कारणामुळे नोकरीत नव्हतो. सध्याच्या कंपनीत माझं अधिकृत पद असोसिएट आहे, टीम लीड नाही. दोन नव्या सहकाऱ्यांचं काम मी तपासतो. ही माहिती आधीच बरोबर द्यायला हवी होती. दुरुस्त रेझ्युमे, रिलिव्हिंग लेटर आणि पीएफची नोंद सोबत जोडली आहे. पडताळणीच्या फॉर्ममध्ये मी हीच माहिती भरणार आहे."

बस, एवढंच. पहिल्या मसुद्यात त्याने "टायपिंगच्या चुकीमुळे" असं लिहिलं होतं. ते मी काढायला लावलं. जानेवारीचा मे टायपिंगने होत नाही, आणि खोटं दुरुस्त करताना नवीन खोटं लिहिलं तर मग दुरुस्ती कसली? दुसऱ्या मसुद्यात उलटं झालं. वडिलांची बायपास, हॉस्पिटलचा खर्च, आईचं गुडघेदुखी सगळं आलं होतं. तेही काढलं. चुकीची ओळ सांगायची, बरोबर ओळ सांगायची, कागद जोडायचा. वडिलांच्या हृदयाची हकीकत कंपनीला सांगायचं कारण नाही. मागितलं तर देता येईल. काही कंपन्या अशा काळासाठी साधं स्वयंघोषणापत्र मागतात, काही नोटरीकडून करून आणायला सांगतात.

हुद्द्याचं मात्र मला बरं वाटलं. टीम लीड हे खोटं होतं, पण त्यामागचं काम खरं होतं. पद जे पत्रात आहे तेच लिहायचं आणि काम खालच्या ओळीत आपल्या शब्दांत. "दोन नव्या सहकाऱ्यांचं काम तपासतो" ह्यात न पटण्यासारखं काय आहे? उलट मुलाखतीत त्यावर चार प्रश्न विचारले तर तो आठ उत्तरं देईल. टीम लीडवर विचारलं असतं तर तत-पप झालं असतं.

मेल पाठवण्याचा क्रमही ठरवला. आधी एच.आर.ला मेल, ज्या प्लेसमेंटवाल्यामार्फत अर्ज गेला त्याला त्याची प्रत. फोन हवा तर नंतर, कारण फोनवर कबूल केलेलं कुठेच नोंदलं जात नाही. त्याच दिवशी नोकरीच्या संकेतस्थळांवरची आणि लिंक्डइनवरची आपली माहितीही दुरुस्त करायची, नाहीतर तिथे अजून टीम लीडच बसलेला असायचा. मग लिंक आली की फॉर्म.

भीती? होती ना. त्याने राजीनामा दिलेला आहे आणि घराचा हप्ता दर महिन्याला जायचाच आहे. पत्र मागे घेतलं तर तो ना इथला राहिला ना तिथला. "आजी, तुम्ही गॅरंटी देता का?" त्याने सरळ विचारलं. मी म्हटलं नाही. गॅरंटी देता येत नाही. एच.आर.चा माणूस म्हणू शकतो की ज्याने एकदा फसवलं त्याला का घ्या, आणि तसं म्हणायचा त्याला हक्क आहे. फक्त राजीनामा द्यायच्या आधी तू आला असतास तर आज धोका निम्मा असता. हे मी त्याला ऐकवायला नको होतं, पण तोंडातून गेलं. इथे लिहिते ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावं म्हणून. नोकरीचं पत्र हातात आलं की राजीनाम्याच्या आधी एकदा आपलाच रेझ्युमे आपल्या कागदांशेजारी ठेवून वाचावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि सगळंच अशा मेलने सुटतं असंही नाही. पदवी झालेलीच नाही आणि झाली म्हणून लिहिलं, तर त्याला आडवी रेघ पुरत नाही. ती जागाच मुळात त्या पदवीवर मिळालेली असते. तिथे अर्ज मागे घेणं एवढाच स्वच्छ मार्ग. २०१२ साली याहू कंपनीचे प्रमुख स्कॉट थॉम्पसन ह्यांचं असंच झालं. त्यांची पदवी हिशेबशास्त्राची होती. कंपनीने दिलेल्या माहितीत मात्र त्यांच्या नावापुढे संगणकशास्त्रही लिहिलेलं होतं. कंपनीच्याच एका नाराज भागधारकाने ते शोधून काढलं आणि जानेवारीत गादीवर बसलेल्या माणसाला मे महिन्यात उतरावं लागलं. मला त्यात नवल वाटतं ते हे की त्या माणसाला तोवर त्या जादा पदवीची गरज उरली होती का? तो एवढ्या वर पोहोचला होता तो आपल्या कामावर. जुन्या कागदावरची एक ओळ पुसायला त्याला कुठलाही शांत दिवस पुरला असता. आमच्या ह्या मुलाचंही तेच, फक्त आकडे लहान.

आता मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न. ह्या मुलांना चार महिन्यांची लाज कुणी शिकवली?

माझं मत स्पष्ट आहे, ते काहींना आवडणार नाही. मुलगा चुकला, पण त्या खड्ड्याला एवढं भितं कोण करतं? अर्ज चाळताना मधे रिकामे महिने दिसले की बाजूला सारायचे, ही सवय कंपन्यांची आहे. भाचीही नाकारत नाही. आमच्या घरांत आजारपणं येतात, बाळंतपणं येतात, म्हातारी माणसं असतात. ती कुणीतरी बघायचीच असतात. पूर्वी ते काम घरच्या बायका मुकाट करायच्या आणि त्यांचे असे खड्डे कुणी मोजतही नसे, कारण त्यांना रेझ्युमेच नव्हता. आता ते काम एका मुलाने केलं तर तो ते लपवतो. कंपन्यांनी फॉर्ममध्ये "ह्या काळात काय केलंत" असं साधं विचारलं आणि उत्तराला दंड लावला नाही, तर निम्मं खोटं जन्मालाच येणार नाही असं मला वाटतं. पण तोवर खोटं लिहावं असा त्याचा अर्थ होत नाही. वर्गात पट्टीचा धाक होता म्हणून नक्कल केलेली वही मी खरी धरली नव्हती. पट्टी वाईट होती हे मात्र आज कबूल करते.

मंगळवारी रात्री त्याने मेल पाठवला. बुधवार कोरा गेला. गुरुवारी दुपारी दोन ओळींचं उत्तर आलं: नोंद घेतली आहे, फॉर्म बरोबर माहितीनिशी भरावा, मधल्या काळाचं स्वयंघोषणापत्र जोडावं. संध्याकाळी एक फोनही आला. टीम लीड का लिहिलं होतं असं विचारलं. तो म्हणाला, "मोठं वाटावं म्हणून लिहिलं, चुकलं." पलीकडून "ठीक आहे" आलं. ह्या "ठीक आहे"चा अर्थ काय हे तो गेले तीन दिवस मला विचारतोय. मी काय सांगणार?

वडिलांना त्याने काल स्वतःच सांगितलं. माझा विद्यार्थी आज सकाळी वाडीतली केळ्यांची फणी घेऊन आला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, माझ्यापायी त्याला लपवावं लागलं." मी म्हटलं, तुझ्यापायी नाही रे. पण त्याला पटलं असं काही दिसलं नाही.

पडताळणीचा अहवाल अजून यायचा आहे. साधारण दोन-तीन आठवडे लागतात म्हणे. आला की इथे लिहीनच, रंग कुठलाही असो. तुमच्यापैकी कुणी एच.आर.मध्ये असाल, किंवा कधी असा मेल लिहिला वा वाचला असेल, तर जरूर सांगा. त्या मुलाला मी वाचून दाखवीन.